कांद्यावरून महागाई शिकवू नका, जानेवारीची पिशवी भरा

प्रश्न: "सिन्नरजवळच्या आमच्या बचत गटात महागाई समजावून सांगायला एक तास मिळाला होता. मी कांद्याचं उदाहरण घेतलं. एक ताई म्हणाल्या, २०१९ ला कांदा शंभर रुपये होता, आता वीस आहे, म्हणजे महागाई गेली का? दुसरी म्हणाली, पेपरात महागाई पाव टक्का म्हणतात, मग माझं किराणा बिल का उतरत नाही? मला दोघींनाही उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात परत जायचंय. भाव वापरूनच शिकवायचं असेल तर कसं शिकवावं?"

नमस्कार. मी नाशिकला एका सहकारी बँकेत नोकरी केली. निवृत्तीनंतर सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा आणि आसपासच्या गावांमध्ये असेच वर्ग घेते. सुरुवातीची दोन वर्षं मीही कांद्यापासूनच सुरू करायचे. आपल्या जिल्ह्यात तो मोह टाळणं कठीण आहे, कारण समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरी कांद्याची चाळ असते आणि उरलेल्या निम्म्या तोच कांदा बाजारातून विकत आणतात. पण कांद्याचं नाव निघालं की वर्ग हातातून जातो. बोलणं महागाईवरून निर्यातबंदीवर, व्यापाऱ्यांवर आणि सरकारवर जातं. ते बोलणंही खरंच असतं, पण ते महागाईचं नसतं.

त्या दोन्ही ताईंचे प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिलीने एका वस्तूचा भाव म्हणजेच महागाई असं धरलं. दुसरीने महागाईचा दर आणि भाव या दोन गोष्टी एकच मानल्या. दोन्ही गाठी एकाच साधनाने सुटतात, पण एकेक करून सोडवाव्या लागतात.

आधी कांदा बाजूला का ठेवायचा ते सांगते, म्हणजे वर्गात कुणी विचारलं तर तुमच्याकडे कारण असेल. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत जातो आणि साधारण दिवाळीपर्यंत पुरवून विकला जातो. लाल कांद्याची आवक सुरू होईपर्यंत मधले काही आठवडे बाजार चाळीतल्या उरलेल्या मालावर चालतो. त्या आठवड्यांत पाऊस पडला की भाव भडकतो. २०१९ मध्ये नेमकं हेच झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने लाल कांदा शेतातच सडला आणि डिसेंबरात किरकोळ भाव शंभरापार गेला. उलट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लासलगावला कांदा किलोला पाच-सात रुपयांवर आला, काढणीचा खर्चही निघेना. म्हणजे कांद्याचा भाव सांगतो की यंदा कांदा किती आला. पैशाची किंमत किती उतरली, हे तो सांगत नाही. सरकारी महागाई निर्देशांकात (२०१२ हे वर्ष १०० धरलेल्या मालिकेत) कांद्याचं वजन १०० पैकी जेमतेम ०.६४ होतं. आपल्या जिल्ह्याचं जगणं कांद्यावर आहे, म्हणून तो आपल्याला फार मोठा वाटतो. खाणाऱ्या घराच्या महिन्याच्या खर्चात त्याची जागा लहान आहे.

पहिल्या ताईंना मी असं विचारते: "कांदा शंभराचा वीस झाला. त्याच काळात दळणाचा दर कमी झाला का? मिसळीची प्लेट स्वस्त झाली का?" वर्गात एकदम शांतता होते आणि मग सगळ्या एकदम बोलू लागतात. मिसळीवर कांदा तर भरपूर असतो. कांदा पाच रुपये झाला तेव्हा प्लेट उतरली नाही, कारण प्लेटच्या भावात भटारखान्यातल्या माणसाचा पगार आहे, गाळ्याचं भाडं आहे, गॅस आहे, फरसाण आहे. गिरणीवाल्याने दर एकदा चार रुपयांवरून पाच केला की तो पुन्हा चार होत नाही. काही भाव झुल्यासारखे मागे-पुढे होतात आणि काही फक्त पुढेच जातात. महागाई समजायची असेल तर दोन्ही प्रकारच्या वस्तू एकत्र बघाव्या लागतात. म्हणून पिशवी.

पिशवी म्हणजे काय ते सांगते. घरात दर महिन्याला ठरावीक लागणाऱ्या सहा-सात वस्तू घ्यायच्या, प्रत्येकीचं प्रमाण एकदाच ठरवायचं आणि ते पुढे कधीही बदलायचं नाही. मग दर वर्षी एकाच महिन्यात त्याच पिशवीची किंमत काढायची. मी जानेवारी धरते. सासूबाई संक्रांतीच्या आधी वाण्याची यादी वहीत उतरवून ठेवायच्या, त्यामुळे माझ्याकडे जानेवारीचे भाव सलग आहेत. महिना कुठलाही चालेल, पण दर वर्षी तोच हवा. एका वर्षीचा ऑगस्ट आणि दुसऱ्या वर्षीचा जानेवारी अशी तुलना केली तर हंगामाचा फरक महागाई म्हणून मोजला जातो.

प्रमाण न बदलण्याचा हट्ट का, हे मला एका वर्गाने शिकवलं. एक बाई २०१५ आणि २०२२ ची दोन बिलं घेऊन आल्या होत्या, तीन हजार आणि नऊ हजार. "सात वर्षांत महागाई तिप्पट झाली," असं त्या ठासून सांगत होत्या. आम्ही दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवून ओळ-ओळ वाचली. दुसऱ्या बिलात पनीर होतं, न्याहारीचे डबे होते, दोन प्रकारचे साबण होते, आणि तेल तीन लिटरऐवजी सहा लिटर होतं, कारण मुलं मोठी झाली होती आणि दीर-जाऊ राहायला आले होते. खर्च तिप्पट झाला होता हे खरं. पण त्यातला मोठा भाग जास्त माल घेतल्यामुळे होता, भाव वाढल्यामुळे नव्हे. त्या बाईंना हे पटायला वेळ लागला, आणि लागणारच. पाकिटातून गेलेले पैसे तेवढेच असतात. पण महागाई मोजायची तर माल तोच ठेवून पैसे किती जास्त लागले, हेच पाहावं लागतं.

ही माझी पिशवी, चार माणसांच्या घराची. भाव माझ्या वहीतले, आमच्या भागातल्या दुकानाचे, पूर्ण रुपयात लिहिलेले. तुमच्या गावात दोन-चार रुपये इकडेतिकडे असतील.

| वस्तू | महिन्याचं प्रमाण | जाने. २०१५ | जाने. २०२५ |
|---|---|---|---|
| गहू | २० किलो | २४ | ३८ |
| तांदूळ (कोलम) | ८ किलो | ४२ | ६२ |
| तूरडाळ | ३ किलो | ८० | १६० |
| सोयाबीन तेल | ४ लिटर | ८० | १४० |
| साखर | ४ किलो | ३२ | ४४ |
| गाईचं दूध | ३० लिटर | ३८ | ५६ |
| चहा पावडर | १ किलो | ३०० | ४८० |

भाव प्रमाणाने गुणले आणि बेरीज केली की २०१५ ची पिशवी २,९४४ रुपयांची होते आणि २०२५ ची ४,६३२ रुपयांची. मोठा आकडा लहान आकड्याने भागून शंभराने गुणलं की १५७ येतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी शंभर रुपयांत येणारा माल आता १५७ रुपयांना येतो. वर्गात मी हा गुणाकार बायकांकडूनच करून घेते, एकेका वस्तूचा एकेकीकडे देऊन. स्वतः गुणलेल्या आकड्यावर माणूस शंका घेत नाही.

आता सरकारी आकड्याशी ताडून पाहू. २०१२ ला शंभर धरणाऱ्या त्याच सरकारी निर्देशांकात २०१४-१५ या वर्षाची सरासरी साधारण ११९ होती आणि २०२४-२५ ची १९३ च्या आसपास. म्हणजे शंभराचे १६२. माझी सात वस्तूंची पिशवी १५७ म्हणते. दोन्ही आकडे इतके जवळ येतील असं मला पहिल्यांदा वाटलंच नव्हतं. "सरकार आकडे लपवतं" हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा हा हिशेब फळ्यावर मांडणं मला बरं वाटतं. मात्र एक सांगायला हवं. आकडे जवळ आले त्यात थोडा योगही आहे. माझ्या पिशवीत घरभाडं नाही, दवाखाना नाही, शाळेची फी नाही, भाजीही नाही. तुमची पिशवी १४५ किंवा १८० म्हणाली तरी तुम्ही चुकलात असं होत नाही.

वस्तू एकाच चालीने वाढल्या नाहीत, हेही या तक्त्यात दिसतं. साखर शंभराची १३७-१३८ झाली, डाळ मात्र दुप्पट. पण डाळ दुप्पट झाली म्हणून पिशवी दुप्पट झाली नाही, कारण पिशवीतला सर्वात मोठा खर्च दुधाचा आहे, डाळीचा नाही. २०१५ च्या २,९४४ रुपयांत दूधच ११४० रुपयांचं होतं. दुधाच्या लिटरमागे दोन रुपये वाढले की महिन्याला साठ रुपये जातात. डाळीचे किलोमागे वीस रुपये वाढले तरीही साठच रुपये जातात. बातमी मात्र डाळीची होते. सरकारी निर्देशांकात वस्तूंना "भारांक" देतात तो हाच प्रकार. हा शब्द उच्चारण्याआधी दूध आणि डाळीची ही जोडी मांडली तर नंतर वेगळं समजावावं लागत नाही.

तुरीची गोष्ट मी आणखी थोडी ताणते, कारण एका वस्तूने फसायला कसं होतं ते तिच्याइतकं दुसरं कुणी दाखवत नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं पावसाने दगा दिला. जानेवारी २०१६ ला माझ्या वहीत तूरडाळ १७० रुपये आहे. त्या महिन्यात पिशवी ३,२६० रुपयांना पडली, म्हणजे वर्षात ३१६ रुपये जास्त. त्यातले २७० रुपये एकट्या डाळीचे. मग भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पाऊसही झाला आणि भाव कोसळले. जानेवारी २०१८ ला डाळ ७० रुपये किलो. त्या वर्षी पिशवी ३,१६८ रुपयांची झाली.

इथे मी थांबते आणि विचारते: डाळीवर महिन्याला किती वाचले? तीन किलोचे तीनशे. आणि पिशवी किती उतरली? फक्त ब्याण्णव. मग उरलेले दोनशे आठ रुपये कुठे गेले? ते दूध, साखर, गहू, तांदूळ, तेल आणि चहाने थोडे थोडे करून खाल्ले. दुधाचे लिटरमागे चार रुपये, गव्हाचा एखादा रुपया, चहाचे वीस. यातल्या एकाही वाढीची बातमी झाली नाही. तरी दोन वर्षांत बाकीची पिशवी साडेसात टक्क्यांनी महाग झाली होती. मला विचाराल तर महागाई म्हणजे हे दोनशे आठ रुपये. डाळीची उसळी म्हणजे टंचाई होती, आली आणि गेली. हे रुपये आले ते राहिलेच.

कारणांबद्दल विचारलं तर मीही याच दोन खणांत उत्तर देते. एका वस्तूचा भाव एकदम वर गेला की त्या वस्तूच्या मागे कारण शोधा: पाऊस, रोग, युद्ध, बंदी. २०२२ ला तेल भडकलं कारण सूर्यफूल तेल जिथून येतं त्या युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे सिन्नरच्या कढईला ते लगेच जाणवलं. पण सगळ्याच वस्तू वर्षानुवर्षं थोड्या थोड्या वाढत राहिल्या, तर कारण एका वस्तूत सापडत नाही. मजुरी वाढते, डिझेल वाढतं, भाडं वाढतं, बाजारात फिरणारा पैसा वाढतो, आणि दुकानदारापासून गिरणीवाल्यापर्यंत प्रत्येक जण पुढच्या वाढीचा अंदाज धरून आपला दर ठरवतो. रिझर्व्ह बँकेला सरकारने दिलेलं लक्ष्य चार टक्के आहे, दोन टक्के इकडे किंवा तिकडे चालतं. शून्य हे लक्ष्यच नाही. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तरी साधारण अठरा वर्षांत पिशवीची किंमत दुप्पट होणार. हे सांगितलं की बायकांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी प्रत्येक वर्गात पाहिलं आहे. हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आता दुसऱ्या ताई आणि त्यांचा पाव टक्का. हा आकडा त्यांनी बरोबर वाचला होता. ऑक्टोबर २०२५ चा महागाई दर ०.२५ टक्के जाहीर झाला आणि अन्नपदार्थ तर वर्षभरात ५ टक्क्यांनी स्वस्त झाल्याचं त्यात दिसत होतं. पण हा दर नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना असते. ऑक्टोबर २०२४ ला दर ६.२१ टक्के होता, आणि भाजीपाला तर वर्षात ४२ टक्क्यांनी वाढला होता. म्हणून हिशेब असा मांडा: ऑक्टोबर २०२३ ला जो माल शंभर रुपयांना येत होता, तो २०२४ ला १०६ रुपये २१ पैशांना झाला आणि २०२५ ला १०६ रुपये ४८ पैशांना. दर सहावरून पाव टक्क्यावर आला, पण आधी वाढलेले सहा रुपये परत कुणी दिले नाहीत. उलट त्यावर सत्तावीस पैसे चढले.

अंबडच्या वर्गात हे मला नीट सांगता येत नव्हतं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, गडाच्या पायऱ्या चढताना दम घ्यायला थांबलो, म्हणजे काय खाली उतरलो का?" तेव्हापासून मी सप्तशृंगी गडाचंच उदाहरण देते. आपण कोणत्या पायरीवर आहोत तो भाव. किती भराभर चढतोय तो महागाईचा दर. दर कमी झाला म्हणजे चढण्याचा वेग कमी झाला. खाली यायचं तर दर शून्याच्या खाली जावा लागतो. अन्नपदार्थांपुरतं ते २०२५ मध्ये काही महिने झालंही, पण आधी चढलेल्या पायऱ्यांच्या मानाने आपण दोन-चारच पायऱ्या उतरलो, आणि उतरलेल्यात भाजी आणि डाळी जास्त होत्या. दूध, चहा, दळण वरच राहिलं. त्या ताईंचं किराणा बिल उतरलं नाही, यात त्यांची काहीच चूक नाही. भाजी बहुतेक जणी बाजारातून रोख आणतात, ती किराणा बिलात येतच नाही. स्वस्ताईचा मोठा भाग त्यांच्या कागदावर नव्हताच.

वही ठेवताना होणारी एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगून ठेवते. जानेवारी २०२३ ला मी तेलासमोर १३५ लिहिलं आणि आनंद झाला की तेल उतरलं. महिनाभराने तीच तेलाची पिशवी बरणीत ओतताना बरणी नेहमीइतकी भरेना. पिशवी उलटी धरून बारीक अक्षरं वाचली तर ८५० ग्रॅम. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे माझा लिटरचा खरा भाव १४४ रुपये ५० पैसे होता. तेलाच्या पिशव्या आता ९१०, ८७०, ८५०, ८०० अशा नाना वजनांत येतात आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. बिस्किट, साबण, चहाचे पुडे यांचंही तसंच. म्हणून वहीत नुसता भाव लिहू नका, शेजारी वजन लिहा. पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा दर छापलेला असतो, तो उतरवला तरी चालेल. वर्गाला सांगताना रिकामी पिशवी बरोबर न्या आणि ती हातोहात फिरवा. वजन कुठे छापलंय ते शोधायलाच पहिल्यांदा अर्धा मिनिट लागतो.

परिस्थितीप्रमाणे काय बदलतं तेही सांगितलं पाहिजे. ज्यांच्याकडे प्राधान्य गटाचं रेशनकार्ड आहे, त्यांना माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. त्यांच्या पिशवीत गहू-तांदळाची ओळ जवळजवळ पुसली जाते आणि तेल, डाळ, दूध यांचा भार वाढतो. ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांच्या पिशवीत दूध नाही, उलट दुधाची भाववाढ ही त्यांची कमाई आहे. म्हणून माझी पिशवी तुमच्या वर्गात जशीच्या तशी नेऊ नका. पहिली पंधरा मिनिटं त्यांनाच वस्तू आणि प्रमाण ठरवू द्या. शिवाय कायमचं प्रमाण धरण्यात एक उणीव आहे. २०१६ ला तूर १७० झाली तेव्हा कुणी तीन किलो आणत नव्हतं. आमच्याच घरी मसूर आणि मूग आठवड्यातून चार दिवस शिजायचं. पिशवीचा हिशेब ही तडजोड मोजत नाही, त्यामुळे खिशाला बसलेली झळ तो थोडी जास्त दाखवतो. पण ताटातलं वरण बदललं, हेही तो सांगत नाही, आणि तो भार बाईने सोसलेला असतो.

शेवटच्या वीस मिनिटांत मी पिशवी पैशांत मोजणं सोडते आणि कमाईत मोजते. महागाई वाईट की बरी, हे पिशवीकडे पाहून कळत नाही. ज्याची पिशवी आहे त्याची कमाई किती वाढली, त्यावर ते ठरतं. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत जाणाऱ्या एका बाईंना २०१५ ला दोनशे रुपये रोज मिळत होता आणि २०२५ ला साडेतीनशे. आम्ही भागाकार केला. तेव्हा पिशवी भरायला त्यांना पावणेपंधरा दिवस कामावर जावं लागायचं, आता सव्वातेरा. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण दहा वर्षं त्या "काही परवडत नाही" म्हणत होत्या. परवडत नव्हतं हे खरंच होतं, पण कारण किराणा नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी आणि सासऱ्यांची औषधं पिशवीत नव्हती.

त्याच वर्गात सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिना १,८०० रुपये मिळते. या पेन्शनला महागाई भत्ता नसतो, रक्कम जशी ठरली तशीच राहते. त्यांनी स्वतःच वहीत हिशेब केला. २०१५ ला त्या पैशांत पिशवीतला एकसष्ट टक्के माल येत होता, २०२५ ला एकोणचाळीस. पासबुकात दहा वर्षं एकच आकडा होता, त्यामुळे आपलं काही कमी झालं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझी पेन्शन दर वर्षी थोडी थोडी कापली गेली म्हणायची?" मी म्हटलं, हो काका, रुपये तेवढेच राहिले, माल कापला गेला. त्या दिवशी महागाईची व्याख्या मला फळ्यावर लिहावी लागली नाही.

तर पुढच्या महिन्यात जाताना सगळ्यांना निरोप द्या: घरात जितकं जुनं किराणा बिल, दुधाच्या रतीबाचं कार्ड किंवा वही सापडेल ती घेऊन या, आणि या महिन्याचं एक बिल. कुणाकडे जुनं काहीच नसेल तर लग्नाच्या, बारशाच्या यादीत हमखास भाव सापडतात, कारण त्या याद्या कुणी फेकत नाही. फक्त प्रसंगाच्या याद्यांतून भाव तेवढा घ्या, प्रमाण घेऊ नका. दोन जुने भाव मिळाले तरी तास होतो. आणि कांद्याचा विषय निघणारच, तेव्हा त्याला पिशवीबाहेर एक वेगळं पान द्या: एका रकान्यात विकायला नेला तेव्हाचा भाव, दुसऱ्यात त्याच आठवड्यात दुकानातला. ते पान पुढच्या वर्गाला उपयोगी पडेल.